आमची वाटचाल: कॉइल, मीटर आणि उणे तीस

जीएसटी लागला 1 जुलै 2017 ला. तेव्हा आमचं दुकान म्हणजे जेल रोडजवळ जिन्याखालची एक खोली, दोन टेबलं आणि थर्मल प्रिंटरच्या रोलची खोकी. काम होतंच, कारण इंदूरच्या बाजारात ज्याला त्याला बिलिंगवाला हवा होता. आमची माणसं एकेका दुकानात दिवसभर बसून बिलिंगच्या ॲपमध्ये मालाची नोंद भरून देत.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीत एकाने बोर्ड लावला, 'दहा मिनिटांत दुकान चालू'. भाव आमच्या निम्मा. वस्तूंची तयार एक्सेल यादी ॲपमध्ये ओतायची, पैसे घ्यायचे आणि निघायचं. आमची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे गेली, आणि दिवाळीला आमच्याकडे रोलवाल्याचे पैसे द्यायलाही नव्हते. ही गोष्ट मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

वाचवलं ते महाराणी रोडवरच्या इलेक्ट्रिकलच्या सेठजींनी. तेही बोर्डवाल्याकडेच गेले होते. एक दिवस फोन आला, "भिया, मशीन झूठ बोल री है." जाऊन पाहिलं. वायरचा स्टॉक स्क्रीनवर उणे तीस आणि रॅकवर कॉइल्सची रांग.

भानगड एककाची होती. कॉइल 90 मीटरची. सेठजी माल घेतात कॉइलने, विकतात कॉइलनेही आणि मीटरनेही. यादीत एकक होतं मीटर आणि सुरुवातीचा साठा लिहिला होता 10, म्हणजे दहा कॉइल. चाळीस मीटर वायर विकली आणि ॲपने दहातून चाळीस वजा केले. शिवाय खरेदीचा दर कॉइलचा, 1,500 रुपये, तो पडला एका मीटरवर. विक्री वीस रुपये मीटर. नफ्याचा रिपोर्ट उघडला तर दुकान बुडालेलं!

म्हणून नवं ॲप सुरू करताना आधी एकक ठरवा. सुटं विकताना जे सगळ्यात लहान माप लागतं, ते मूळ एकक. इथे मीटर. दुसरं एकक कॉइल, आणि 1 कॉइल = 90 मीटर. सुरुवातीचा साठा 900. चाळीस विकल्यावर 860 उरले पाहिजेत. रॅकवर नऊ अखंड कॉइल म्हणजे 810, आणि कापलेला तुकडा 50 मीटरचा. जुळलं. हे पहिल्या बिलाआधीच करायचं, कारण एकदा बिल फाटलं की बहुतेक ॲप एकक बदलू देत नाहीत. मग नवी वस्तू उघडून साठा तिच्यावर न्यावा लागतो. सेठजींच्या दुकानात आम्ही तेच केलं, दोन रात्री बसून.

दुसरी खोच दराची. घाऊकवाल्याच्या बिलात दर सहसा करावेगळा असतो, आणि डब्यावरची एमआरपी करासहित. म्हणून खरेदीला 'कर वेगळा' आणि विक्रीला 'करासहित' निवडायचं. 118 रुपये एमआरपीच्या वस्तूवर 18 टक्के कर असेल, तर बिलात 100 अधिक 9 अधिक 9 दिसलं पाहिजे. 139.24 दिसलं, तर ॲपने करावर कर चढवलाय. गिऱ्हाईक भांडेल ते वेगळंच, छापील किमतीपेक्षा जास्त घेऊन विकणं हा गुन्हाही आहे. म्हणून एक बिल बनवून बघा आणि मगच प्रिंटर जोडा.

जुनी उधारी भरताना नवे दुकानदार हमखास चुकतात. वहीतली बाकी आजच्या तारखेचं बिल म्हणून टाकतात. तो माल आधीच विकलेला, त्याचा कर भरलेला. तीच विक्री पुन्हा दिसते आणि साठाही पुन्हा घटतो. बाकी टाकायची ती त्या माणसाच्या खात्यात, सुरुवातीची शिल्लक म्हणून. बिल अजिबात नाही.

बिलनंबराचं थोडक्यात. 1 एप्रिलला सुरू करत असाल तर प्रश्न नाही. वर्षाच्या मध्यात सुरू केलंत, तर छापील बुकातला नंबर पुन्हा येऊ नये म्हणून वेगळी मालिका ठेवा, जसं `A/25-26/0001`. सोळा अक्षरांच्या वर जाऊ नका. बुक त्याच दिवशी कपाटात टाका. दोन्हीकडे बिलं फाडली की महिन्याच्या विवरणात घोळ ठरलेला.

सेठजींनी मग महाराणी रोडवर आमचं नाव सांगितलं आणि त्यावर आमचं दुकान उभं राहिलं. पुढची वर्षं नीट गेली, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. सेठजी आजही रोल आमच्याकडूनच घेतात, 80 मिमीचे, आणि दर वेळी घासाघीस करतात.

एक सांगून ठेवतो, विचारलं नसलंत तरी. पहिला आठवडा रोज रात्री दुकान बंद करताना पाच वस्तू हाताने मोजा आणि स्क्रीनशी ताडून बघा. त्याच रात्री फरक दिसला तर दिवसभराची बिलं चाळून कारण सापडतं. महिन्यानंतर तीच तूट एंट्रीतली की गल्ल्यावरच्या पोराने केलेली, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि उगाच पोराला बोल लागतो. या आठवड्यात आमचा माणूस येऊन बसतो. त्याचे पैसे आम्ही घेत नाही. बोर्डवाला फोन उचलायचेसुद्धा घ्यायचा.