फोटो, लग्न, धर्म

आज दुपारी एका कन्सल्टन्सीतून व्हॉट्सॲप आलं. "मॅडम, सीव्ही छान आहे. फक्त पासपोर्ट साइज फोटो, मॅरिटल स्टेटस आणि रिलिजन पाठवा, फॉरमॅटमध्ये लागतं."

पद अकाउंट्स एक्झिक्युटिव्हचं. जीएसटी रिटर्न भरायला माझा चेहरा कुठे लागतो, असं लिहिलं आणि खोडलं. पोरगी बिचारी एक्सेलचे रकाने भरत असणार, तिच्यावर कशाला चिडा? मग लिहिलं:

"नमस्कार. अर्जाच्या टप्प्यावर मी ही माहिती देत नाही. निवड झाल्यावर पीएफ, ग्रॅच्युइटी आणि ओळखपत्रासाठी लागेल ते लगेच देईन. कामाचा अनुभव, सध्याचा पगार, नोटीस पीरियड सोबत पाठवते आहे."

यात थाप काही नाही. पीएफच्या फॉर्म ११ मध्ये वैवाहिक स्थिती विचारतात, ग्रॅच्युइटीच्या नामनिर्देशनाच्या फॉर्म एफमध्ये तर धर्माचाही रकाना पाहिलाय. पण ते कागद रुजू झाल्यावरचे. "नाही" एवढंच लिहिलं असतं तर बाई आडमुठी वाटली असती. कधी देईन ते सांगितलं, की तिलाही वर काय कळवायचं ते मिळतं.

दोन निळ्या टिका. वीस मिनिटं शांतता. तेवढ्यात मी कुकर लावला, तीनदा फोन बघितला. मागे एकीकडे असंच लिहिलं होतं, तिथून पुन्हा कधी उत्तरच आलं नाही. नोकरीची गरज मला आजही आहे, उगाच शूरपणा नको.

मग उत्तर आलं: "ओके मॅम, एनए टाकते. गुरुवारी ११ ला कॉल चालेल?"

चालेल म्हटलं.