पट्टीत न दिसणारी हमाली

"सर, बचत खात्यातले पाच लाख म्युच्युअल फंडात घालायचेत. फंड तोच, मॅनेजर तोच. मग रेग्युलर काय आणि डायरेक्ट काय, एका टक्क्यानं असा किती फरक पडणार आहे?"

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन घातलं की हातात पट्टी येते. वजन, भाव आणि त्याखाली हमाली, तोलाई. काय कापलं ते रुपयांत लिहिलेलं असतं, म्हणून पोत्यामागं रुपया जास्त लागला तरी आपण तिथंच विचारतो. शिवाय ती हमाली त्या मालावर एकदाच लागते. पुढच्या वर्षी त्याच पोत्यावर कुणी पुन्हा मागत नाही.

फंडाचा एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंड चालवण्याचा टक्क्यांत सांगितलेला खर्च, ही अशी हमाली आहे की ती पट्टीवर येत नाही आणि दरवर्षी सगळ्या ढिगावर लागते. दर वर्षाचा सांगितलेला असला तरी कापणी रोजची असते. वर्षाच्या दराचा 365वा हिस्सा फंडाच्या रकमेतून रोज काढला जातो आणि उरलेल्यावर त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, निघते. खात्यातून पैसे गेल्याची नोंद कुठंच होत नाही, कारण तुमच्यापर्यंत आकडा येतो तोच कापून आलेला असतो. (म्हणूनच जाहीर परताव्यातून खर्च पुन्हा वजा करू नका. माझे अनेक विद्यार्थी ही चूक करतात.)

1 जानेवारी 2013 पासून सेबीनं प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन ठेवायला लावला. शेअर तेच, मॅनेजर तोच, फक्त फंड विकणाऱ्या वितरकाचं कमिशन त्यातून वगळलेलं. ते कमिशन ज्यात असतं तो रेग्युलर. शेअरच्या फंडांत त्यामुळं बऱ्याचदा अर्धा ते एक टक्का वाचतो, कुठं त्याहून जास्त. लिक्विड आणि इंडेक्स फंडांत हा फरक बराच कमी असतो, तिथं एवढी काळजी करायचं कारण नाही.

आता तुमच्या पाच लाखांचा हिशेब करू. आपण धरून चालू की डायरेक्टमध्ये वर्षाला 11 टक्के सुटतात आणि रेग्युलरमध्ये 10. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, बाजार असं वचन देत नाही. पहिल्या वर्षी एका टक्क्याचे होतात पाच हजार, म्हणजे दिवसाला चौदाएक रुपये. ते कुणाच्या लक्षात येणार? पण वीस वर्षांनी डायरेक्टमधले पाच लाख साधारण 40 लाख 31 हजार होतात आणि रेग्युलरमधले 33 लाख 64 हजार. फरक 6 लाख 67 हजारांचा. तुम्ही घातलेल्या मुद्दलापेक्षा जास्त!

हे असं का होतं ते नीट बघा. टक्का मुद्दलावर नाही, त्या दिवशी जेवढी रक्कम झाली असेल तेवढ्या सगळीवर लागतो. पहिल्या वर्षीचे पाच हजार विसाव्या वर्षी तीस हजारांच्या पुढं गेलेले असतात, त्याच एका टक्क्यानं. आणि पहिल्या वर्षी गेलेले पाच हजार तुमच्याकडं राहिले असते तर उरलेली एकोणीस वर्षं तेही वाढत राहिले असते. बाजारानं कमी दिलं म्हणून हा घाटा हलका होत नाही. 11 आणि 10 ऐवजी 6 आणि 5 धरून बघा, शेवटच्या रकमेतला साधारण सहावा हिस्साच जातो. महिन्याला पाच हजारांची एसआयपी असेल तर याच 11 आणि 10 च्या हिशेबानं वीस वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास जातात, म्हणजे नववा हिस्सा. कारण सगळाच पैसा वीस वर्षं मुरलेला नसतो.

मला हे उशिरा कळलं. वडिलांची थोडी जमीन रस्त्यात गेली, त्याचा मोबदला मी बँकेच्या एका शाखेत सांगितल्याप्रमाणं फंडात घातला. फॉर्म त्यांनीच भरला. डायरेक्ट नावाचं काही असतं हे तिथं कुणी बोललं नाही आणि वाणिज्य शिकवत असूनही मी विचारलं नाही. पुढं सहामाही एकत्रित स्टेटमेंट आलं, त्यात वितरकाला माझ्या पैशांवर किती कमिशन गेलं त्याचा आकडा रुपयांत होता. तो एकटा आकडा मी बराच वेळ बघत बसलो. शाखेतल्या त्या बाईंची बदली होऊन दोन वर्षं झाली होती, मला तिथून एकदाही फोन आला नव्हता, आणि कमिशन मात्र दर महिन्याला चालूच होतं. तुमचं स्टेटमेंट काढून योजनेचं पूर्ण नाव वाचा. त्यात बहुतेक वेळा Regular किंवा Direct असं लिहिलेलं असतं. ARN पुढं नंबर असेल तर तो वितरकाचा.

एक गैरसमज इथं हमखास होतो. डायरेक्टची एनएव्ही जास्त दिसते, म्हणून लोक म्हणतात की हा महाग आहे, युनिट कमी मिळतात. जुन्या फंडांत दोन्ही प्लॅन 2013 मध्ये सारख्याच एनएव्हीवरून निघाले होते. रोजची कापणी कमी, म्हणून डायरेक्टची हळूहळू पुढं गेली. दोन एनएव्हींमधलं ते अंतर म्हणजेच इतक्या वर्षांचं कमिशन.

तरीही सगळ्यांनी डायरेक्टच घ्यावं असं मी म्हणणार नाही. मार्च 2020 मध्ये बाजार कोसळला तेव्हा आमच्या ओळखीच्या एका वितरकानं घरोघरी जाऊन लोकांना विकण्यापासून थांबवलं. तेव्हा घाबरून विकलं असतं तर तोटा एका टक्क्याहून कितीतरी मोठा झाला असता. असा माणूस तुमच्याजवळ असेल तर त्याचं कमिशन वसूल होतं. नुसता फॉर्म भरून देणाऱ्याला वीस वर्षं पैसे देण्यात मात्र मला काहीच अर्थ दिसत नाही.

आधीच रेग्युलरमध्ये असाल तर घाईनं सगळं हलवू नका. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये स्विच म्हणजे करासाठी विक्रीच. शेअरच्या फंडांत युनिट वर्षाहून जुनी असतील तर वर्षाला 1 लाख 25 हजारांपर्यंतचा नफा करमुक्त, त्याहून जास्त नफ्यावर 12.5 टक्के. वर्षाच्या आतल्या युनिटांना कर जास्त लागतो, बहुतेक ठिकाणी लवकर बाहेर पडल्याचा एक्झिट लोडही. मी आधी एसआयपी बंद करून त्याच फंडाच्या डायरेक्टमध्ये नवी सुरू केली. मग साठलेल्यापैकी काही युनिट मार्चमध्ये हलवली, काही एप्रिलमध्ये. आर्थिक वर्ष बदलतं, त्यामुळं दोन महिन्यांत दोन वर्षांची सूट मिळाली. उरलेली पुढच्या एप्रिलमध्ये. कर शून्य आला.

तुमचे पाच लाख अजून बचत खात्यातच आहेत, तेव्हा तुम्हाला यातलं काहीच करावं लागणार नाही. फंड कंपनीच्या वेबसाइटवरून किंवा MF Central या पोर्टलवरून घ्या. कागदी फॉर्म भरणार असाल तर योजनेच्या नावापुढं Direct असं स्वतःच्या हातानं लिहा, ARN च्या चौकटीतही तेच लिहा, आणि सही त्यानंतर करा.