खड्ड्यात उभी राहिलेली रेघ

रँडम बिट्सच्या स्पेक्ट्रममध्ये बिट रेटच्या जागी काहीच नसतं, तिथं खड्डा असतो. आमच्या बोर्डाच्या स्पेक्ट्रममध्ये मात्र बरोब्बर त्या खड्ड्यात, १ मेगाहर्ट्झला, एक रेघ ताठ उभी होती. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, इंडस्ट्रियल सेन्सरचे आयसोलेटेड डेटा लिंक बनवतो, एका बाजूनं १ मेगाबिटनी डेटा जातो, मधे ऑप्टोकपलर, पलीकडे श्मिट बफर. शिपमेंटच्या आधी आउटपुट डीसी ब्लॉक लावून स्पेक्ट्रम अॅनालायझरवर बघणं हे माझं काम.

आमचे सर बघताक्षणी म्हणाले, "क्लॉक लीक होतोय रे, ग्राउंड बघ आधी." म्हणणं अगदी साहजिक होतं, बोर्डावर क्लॉक आहेच. शेजारी बसलेली ट्रेनी मुलगी म्हणाली, "सर, पण खड्डा का असतो तिथं? क्लॉकच्या तालावर तर सगळं चाललंय ना?" हा प्रश्न मला फार आवडला, कारण उत्तर नीट कळलं की रेघ कुठून आली तेही कळतं. मी तिला कागदावर काढून दाखवलं.

बिट +A किंवा −A, दोन्हीची शक्यता सारखी, आणि प्रत्येक बिट बाकीच्यांपासून स्वतंत्र. वेव्हफॉर्मवर τ एवढ्या अंतरानं दोन ठिकाणी बोट ठेवायचं, दोन्ही किमतींचा गुणाकार करायचा आणि हे बोटांचं जोडपं सगळीकडे सरकवत सरासरी काढायची, झालं ऑटोकोरिलेशन. दोन्ही बोटं एकाच बिटवर पडली तर गुणाकार नेहमी A², वेगवेगळ्या बिट्सवर पडली तर कधी अधिक कधी उणे, सरासरी शून्य. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की दोन्ही बोटं एकाच बिटवर पडायची शक्यता किती? T रुंदीच्या बिटसाठी ती 1 − |τ|/T, आणि अंतर T च्या पुढे गेलं की शून्य. म्हणून

R(τ) = A²(1 − |τ|/T), |τ| < T

हा त्रिकोण. वीनर-खिंचिन संबंध सांगतो की याचं फूरिये रूपांतर म्हणजेच पॉवर स्पेक्ट्रल डेन्सिटी. त्रिकोण म्हणजे एका चौकोनी पल्सचं स्वतःशीच कन्व्होल्यूशन, त्यामुळे रूपांतरात चौकोनाच्या सिंकचा वर्ग येतो:

S(f) = A²T · (sin πfT / πfT)²

f = 1/T ला साइन शून्य, म्हणजे खड्डा, आणि आमच्याकडे T = १ मायक्रोसेकंद म्हणून तो १ मेगाहर्ट्झला. क्लॉकचा ताल आहे खरा, पण तो "इथं कदाचित बदल होईल" एवढंच सांगतो, बदल वर की खाली हे बिट ठरवतो आणि सरासरीत दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात.

आता रेघेचं काय. त्रिकोण T नंतर शून्य होतो आणि शून्यच राहतो, त्यातून स्पेक्ट्रममध्ये रेघ येणं शक्यच नाही, सगळं पसरट असतं. रेघ यायची असेल तर ऑटोकोरिलेशनमध्ये असा काहीतरी भाग हवा जो कितीही लांब गेलं तरी विरत नाही आणि T नी पुन्हा पुन्हा येतो. असा भाग कुठून येईल हाच खरा प्रश्न.

आधी ती खरंच रेघ आहे का ते बघितलं. अॅनालायझरच्या खिडकीची रुंदी, म्हणजे आरबीडब्ल्यू, १ किलोहर्ट्झवरून १०० हर्ट्झवर आणला, आजूबाजूचा पसरट भाग १० डीबी खाली बसला, रेघ जागची हलली नाही. ट्रेनी म्हणाली पीआरबीएसच्या, म्हणजे ठराविक बिट्सनंतर पुन्हा येणाऱ्या पॅटर्नच्या, रेघा असतील, कारण आपला डेटा खराखुरा रँडम नाही, शिफ्ट रजिस्टरमधून येतो. शंका अगदी योग्य. पण आम्ही ३२,७६७ बिट्सचा पॅटर्न वापरतो, त्याच्या रेघा साधारण ३०.५ हर्ट्झच्या अंतरानं, १०० हर्ट्झला त्या सुट्या दिसत नाहीत, आणि मुख्य म्हणजे त्या सगळ्या त्याच सिंक वर्गाच्या आकारात बसतात, म्हणजे 1/T वरची त्या पॅटर्नची रेघ स्वतःच शून्य.

मग सरांची शंका. डेटा सतत १ ठेवला, क्लॉक चालूच होता. रेघ गायब! लीक असता तर डेटा काहीही असो, ती राहिली असती. म्हणजे रेघ एजेसमधून येतेय, आणि इथं मला मजा यायला लागली.

समजा चढती एज प्रत्येक वेळी δ एवढी उशिरा येते आणि उतरती वेळेवर. मग बिटच्या सुरुवातीच्या त्या δ भागात सिग्नल वर असेल ते फक्त आधीचा बिटही १ आणि आत्ताचाही १ असेल तेव्हाच, म्हणजे चारात एकदा, बाकी तीनदा खाली. सरासरी −A/2. बिटच्या उरलेल्या भागात सरासरी शून्य. म्हणजे डेटा कितीही रँडम असला तरी सरासरी वेव्हफॉर्म दर T ला एक बारीक पल्स मारतंय! हाच तो न विरणारा भाग, ऑटोकोरिलेशनमध्ये T च्या प्रत्येक पटीला A²/4 · δ/T उंचीचा छोटासा उंचवटा. आणि वीनर-खिंचिननं तो थेट 1/T, 2/T, 3/T वर रेघा होऊन उभा राहतो. (वीनरनं १९३० मध्ये हे एकाच सिग्नलच्या काळावरच्या सरासरीतून मांडलं, खिंचिननं १९३४ मध्ये स्टेशनरी प्रोसेससाठी. आमचा सिग्नल काटेकोर अर्थानं स्टेशनरी नाही, त्याची आकडेवारी T नी फिरते, म्हणून काळावरची सरासरी घेणं महत्त्वाचं.)

लगेच २ मेगाहर्ट्झ बघितलं, तिथंही जवळपास तेवढीच उंच रेघ. बारीक पल्सच्या हार्मोनिक्स अशाच सारख्या उंचीच्या येतात.

मग उलटा हिशोब. अॅनालायझर एकाच बाजूची फ्रीक्वेन्सी दाखवतो, म्हणून १ किलोहर्ट्झच्या खिडकीत मेन लोबच्या, म्हणजे खड्ड्याआधीच्या मोठ्या उंचवट्याच्या, शिखराची पॉवर 2A²T × 1000 = 0.002A². रेघ त्याच्या सुमारे १० डीबी खाली, म्हणजे 0.0002A². आणि पल्सच्या हिशोबानं रेघेची पॉवर A²δ²/(2T²). दोन्ही सारखे धरले तर δ/T = 0.02, म्हणजे २० नॅनोसेकंद. स्कोपवर सगळे बिट्स एकावर एक ठेवणारा आय डायग्राम उघडून क्रॉसिंग बघितलं, चढत्या आणि उतरत्या एजेसमध्ये तेवढाच फरक!

ऑटोकोरिलेशनमधला उंचवटाही मला प्रत्यक्ष बघायचा होता. तो फक्त अर्धा टक्का, 0.005A², आणि १०,००० बिट्सच्या कॅप्चरमध्ये लांबच्या प्रत्येक τ वर, म्हणजे लॅगवर, अंदाजातला हेलकावाच साधारण एक टक्का, त्यामुळे सरळ प्लॉट केला तर गवतच दिसतं. T च्या ४०० पटींवरचे लॅग एकावर एक ठेवून सरासरी काढली, हेलकावा वीसपटीनं कमी झाला आणि २० नॅनोसेकंदाचा बारका त्रिकोण स्वच्छ वर आला. ट्रेनी तो प्लॉट बघून "अय्या, हा तर खरंच आहे!" म्हणाली.

कारण साधं निघालं. ऑप्टोकपलरचं आउटपुट ओपन कलेक्टर, खाली ट्रान्झिस्टर पटकन ओढतो पण वर चढायला फक्त पुल-अप रेझिस्टर, आणि या लॉटमध्ये डेटाशीटच्या शिफारसीपेक्षा बराच मोठा पुल-अप लागला होता. स्ट्रे कपॅसिटन्स सावकाश भरतो आणि श्मिट बफरचा वरचा थ्रेशोल्ड उशिरा ओलांडला जातो. पुल-अप लहान लावला, फरक ५ नॅनोसेकंदांवर आला. पॉवर δ च्या वर्गावर जाते, म्हणून रेघ १२ डीबीनं खाली यायला हवी होती आणि तेवढीच आली. पूर्ण गेली नाही, कारण दोन एजेसचा उशीर तंतोतंत सारखा कुठल्याच कपलरमध्ये नसतो. सरांनी टेस्ट शीटमध्ये १ मेगाहर्ट्झच्या रेघेची कमाल पातळी घालायला सांगितली, सोबत आरबीडब्ल्यू किती ठेवायचा तेही, कारण त्याशिवाय "मेन लोबच्या किती डीबी खाली" या आकड्याला काही अर्थ नाही.