दिशाज्ञान: आकृतीपेक्षा दोन वजाबाक्या बऱ्या

साताऱ्यात तलाठी भरतीच्या तयारीला आलो तेव्हा बुद्धिमत्ता चाचणीतलं दिशाज्ञान मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. सोपे गुण, कधीही करू, असा हिशोब. मग अभ्यासिकेत जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला बसल्यावर दिसलं की प्रश्न सोपाच असतो, पण त्याचे पर्याय हुशारीने निवडलेले असतात.

एका संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या दादाने हा प्रश्न पुढे सरकवला. एक माणूस दक्षिणेकडे तोंड करून 15 मीटर चालतो. डावीकडे वळून 20 मीटर, पुन्हा डावीकडे वळून 23 मीटर आणि परत डावीकडे वळून 14 मीटर चालतो. तर तो मूळ ठिकाणापासून किती अंतरावर व कोणत्या दिशेला आहे?

"पेन ठेव आधी," दादा म्हणाला. "अजिंक्यताऱ्याकडं तोंड करून उभा आहेस असं समज. डावा हात कुठं जातो?"

किल्ला शहराच्या दक्षिणेला, आणि त्याच्याकडे तोंड केलं की डावा हात हायवेच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला. सातारकराला हे पाठ करावं लागत नाही. कागदावर मात्र दक्षिणेकडे उतरणाऱ्या रेघेवरून डावीकडे वळायचं म्हटलं की हात सवयीने कागदाच्या डाव्या कडेकडे जातो आणि पूर्वेची पश्चिम होते. डावं-उजवं चालणाऱ्याचं, कागदाचं नाही. उत्तरेकडे तोंड असेल तेव्हाच दोन्ही जुळतात, म्हणून पेपर काढणारे सुरुवात बहुधा दक्षिणेकडून करून देत असावेत, असा माझा संशय आहे.

तर वळणं झाली दक्षिण, पूर्व, उत्तर, पश्चिम. सगळे इथून पुढे आकृती काढतात, मीही काढायचो. आकृतीचा घोळ असा की ती मापात नसते. शेवटची 14 मीटरची रेघ घाईत जरा लांब ओढली गेली, तर ती मूळ ठिकाणाच्या पलीकडे, पश्चिमेला जाते आणि आपण बिनधास्त वायव्य लिहून मोकळे होतो. दादाने चित्र काढलंच नाही. चार आकडे दोन ओळींत मांडले:

पूर्व 20, पश्चिम 14: उरले पूर्वेला 6.
उत्तर 23, दक्षिण 15: उरले उत्तरेला 8.

पूर्व आणि उत्तर दोन्ही उरलं म्हणजे ईशान्य. अंतरासाठी पायथागोरस: 36 आणि 64 मिळून 100, त्याचं वर्गमूळ 10. माणूस मूळ ठिकाणापासून 10 मीटर, ईशान्येला.

मी पर्याय पाहिले. 10 मीटर नैऋत्य होतं, 14 मीटर ईशान्य होतं, 72 मीटर ईशान्यही होतं. 72 म्हणजे एकूण चाललेलं अंतर. 14 म्हणजे 6 आणि 8 ची सरळ बेरीज. आणि नैऋत्य हे उलट प्रश्नाचं उत्तर: 'मूळ ठिकाण त्याच्या कोणत्या दिशेला आहे?' असं विचारलं असतं तर तेच बरोबर ठरलं असतं. तेव्हापासून मी गणिताआधी प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचतो आणि 'कोणापासून' यावर रेघ मारतो. 'त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे?' असं विचारलं तर अंतरं बघायचीच नाहीत, फक्त वळणं मोजायची. वरच्या प्रश्नात तोंड पश्चिमेला आहे, माणूस मात्र उभा आहे ईशान्येला.

एक शंका मला बरेच दिवस छळत होती. 6 पूर्व आणि 8 उत्तर म्हणजे काही बरोबर मधली दिशा नव्हे, मग ईशान्य कसं? नेमकी ईशान्य म्हणजे दोन्ही आकडे सारखे हवेत. पण परीक्षेत दोन मुख्य दिशांमधल्या सगळ्या पट्ट्याला उपदिशेचंच नाव देतात, आणि पर्यायांत त्याहून बारीक काही नसतं. वाद घालण्यात अर्थ नाही.

खुद्द चालणंच तिरकं असलं तर मात्र ही बारकाई लागते. ईशान्येला 10 मीटर गेला म्हणून पूर्वेला 10 आणि उत्तरेला 10 मांडले तर उत्तर फसतं. प्रत्येकी साधारण 7 मीटरच होतात. बहुतेकदा अंतर 10√2 असं दिलेलं असतं, मग मात्र दोन्हीकडे नीट 10-10 येतात. प्रश्नात √2 दिसलं की तिरकी चाल आहे हे लगेच कळतं, आणि पुढे त्याच दोन वजाबाक्या.