गुण सारखे पडले की पुढं काय?

«तालुका, मग गुण, असे दोन-तीन निकष असले तर यादी तितक्या वेळा सॉर्ट करायची का? आणि सारखे गुण असलेली पथकं हल्ली आपापल्या जागा सोडत नाहीत, पूर्वी सोडायची, ते का?»

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. फोंड्यातल्या वर्गात जावास्क्रिप्ट शिकवताना हे मला वारंवार विचारलं जातं, आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुधा कुठल्यातरी स्पर्धेच्या निकालाची यादी असते. म्हणून भजनी स्पर्धेचंच उदाहरण घेतो. पथकांची नोंद ज्या क्रमाने झाली, त्याच क्रमाने यादी आपल्याकडे आली आहे. आकडे माझे.

```js
const yadi = [
  { gaav: "शिरोडा", taluka: "फोंडा",   gun: 78 },
  { gaav: "मये",    taluka: "डिचोली", gun: 81 },
  { gaav: "बोरी",   taluka: "फोंडा",   gun: 84 },
  { gaav: "साखळी",  taluka: "डिचोली", gun: 81 },
  { gaav: "मडकई",   taluka: "फोंडा",   gun: 78 },
];
```

तालुके वर्णक्रमाने हवेत, आणि तालुक्याच्या आत जास्त गुणांचं पथक वर. यासाठी सॉर्ट एकदाच करायचा, आणि दोन्ही निकष एकाच तुलनेच्या फंक्शनमध्ये, म्हणजे कंपॅरेटरमध्ये, लिहायचे.

```js
const varna = new Intl.Collator("mr");
const tulna = (a, b) =>
  varna.compare(a.taluka, b.taluka) ||
  b.gun - a.gun;

yadi.sort(tulna);
```

कंपॅरेटरला यादी दिसत नाही. त्याच्यासमोर एका वेळी दोनच नोंदी येतात आणि त्याने एक आकडा सांगायचा असतो: ऋण आला तर `a` आधी, धन आला तर `b` आधी, शून्य आलं तर माझ्या लेखी दोघं सारखे. मधलं `||` याच शून्यावर चालतं. जावास्क्रिप्टमध्ये शून्य हे «नाही» धरलं जातं, म्हणून डावीकडून शून्य आलं तरच उजवीकडची तुलना होते. मये आणि शिरोडा समोर आले तर तालुक्यावरच निकाल लागतो आणि गुण पाहिलेही जात नाहीत. शिरोडा आणि बोरी आले तर तालुका सारखा, म्हणून शून्य, म्हणून पुढं: ८४ वजा ७८, उत्तर ६, धन. बोरी वर. तिसरा निकष हवा असेल तर आणखी एक `||` आणि त्याची तुलना. महत्त्वाचा निकष आधी, एवढंच सांभाळायचं.

काही जण आकड्याऐवजी `a.gun < b.gun` असं लिहितात. त्यातून खरं किंवा खोटं, म्हणजे एक किंवा शून्य एवढंच मिळतं, ऋण कधीच मिळत नाही. जुन्या क्रोममध्ये हे पुष्कळदा चालून जायचं. २०१८च्या क्रोम ७० पासून अशी यादी जशीच्या तशी राहू शकते, कारण नवी पद्धत उत्तर ऋण आहे का हेच पाहते.

आता वरच्या यादीचा निकाल पाहा: मये, साखळी, बोरी, शिरोडा, मडकई. शिरोडा आणि मडकई दोघांना ७८. वर्णक्रम लावला असता तर मडकई आधी आलं असतं. पण तो आपण मागितलाच नाही. दोन्ही तुलना शून्य झाल्या, आणि शिरोड्याची नोंद आधी झाली होती म्हणून ते वर राहिलं. बरोबरीत सुटलेल्या नोंदींचा मूळ क्रम न मोडणाऱ्या सॉर्टला स्थिर सॉर्ट म्हणतात.

हे पूर्वी भरवशाचं नव्हतं. जावास्क्रिप्टच्या मानक दस्तऐवजाने स्थिरतेची अट घातली नव्हती, ज्याने त्याने आपल्या इंजिनात हवी ती पद्धत वापरावी अशी मोकळीक होती. फायरफॉक्सचा सॉर्ट स्थिर होता. क्रोमच्या व्ही८ इंजिनात मात्र दहापर्यंत नोंदी असतील तर इन्सर्शन सॉर्ट चालायचा, जो स्थिर असतो, आणि त्याहून जास्त असतील तर क्विकसॉर्ट, जो स्थिर नसतो. याचा त्रास कसा व्हायचा ते लक्षात घ्या. आपण पाच पथकं घेऊन तपासणी करायची, सगळं नीट दिसायचं, आणि स्पर्धेच्या दिवशी चाळीस पथकांच्या यादीत सारख्या गुणांची पथकं इकडची तिकडे. प्रोग्रामची एक ओळही बदललेली नसताना. २०१८मध्ये व्ही८ने टिमसॉर्ट स्वीकारला आणि २०१९च्या मानकात स्थिरतेची अटच घातली गेली.

टिमसॉर्ट टिम पीटर्स यांनी २००२मध्ये पायथॉनसाठी लिहिला. तो कसा चालतो हे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे, कारण स्थिरता त्यात वरून चिकटवलेली नाही, प्रत्येक पायरीत सांभाळलेली आहे.

प्रत्यक्षातल्या याद्या सहसा पूर्ण विस्कटलेल्या नसतात, त्यांत आधीच लागलेले तुकडे असतात. टिमसॉर्ट यादी डावीकडून वाचत असे तुकडे शोधतो. चढता तुकडा सापडला तर तो तसाच ठेवतो, उतरता सापडला तर जागच्या जागी उलटा करतो. इथे एक बारकावा आहे, आणि मला तो फार आवडतो. चढत्या तुकड्यात शेजारच्या नोंदी सारख्या असल्या तरी चालतं. उतरत्या तुकड्यात मात्र प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीच्या आधीच जाणारी हवी, बरोबरी चालत नाही. कारण तुकडा उलटा केला की त्यातल्या सारख्या नोंदीही उलट्या होणार, शिरोड्याच्या वर मडकई येणार. म्हणून बरोबरी दिसताच उतरता तुकडा तिथेच तोडायचा. तुकडा फारच लहान निघाला तर पुढच्या नोंदी योग्य जागी घुसवून तो वाढवतात, आणि सारखी नोंद आली तर नवी नोंद जुनीच्या मागे बसते.

मग तुकडे जोडायचे. जोडताना दोन्ही तुकड्यांची पहिली नोंद समोरासमोर ठेवून जी आधी जायची ती उचलतात, आणि कंपॅरेटरने शून्य दिलं तर डाव्या तुकड्यातली उचलतात, कारण मूळ यादीत तीच आधी होती. शिवाय जोडायचे तुकडे नेहमी शेजारचेच असतात. पहिला तुकडा तिसऱ्याला जोडला, तर दुसऱ्यातली सारखी नोंद मागे पडली असती.

क्विकसॉर्टला हे जमत नाही, कारण तो नोंदींची लांबून अदलाबदल करतो, आणि त्या उडीत मधल्या सारख्या नोंदीला ओलांडून जाणं होतं. त्याचा फायदा असा की त्याला जास्तीची जागा फारशी लागत नाही. टिमसॉर्टला जोडणी करताना वाईटात वाईट वेळी अर्ध्या यादीइतकी जागा लागते. स्थिरतेची किंमत ती. जावामध्ये म्हणूनच दोन वाटा आहेत: नोंदींच्या याद्यांना टिमसॉर्ट, आणि नुसत्या आकड्यांच्या अॅरेला क्विकसॉर्टच्या घराण्यातली पद्धत. दोन ७८ एकमेकांपासून ओळखूच येत नसतील, तर कुठला आधी हा प्रश्न उरत नाही. सी++मध्ये तर आजही `std::sort` स्थिरतेची हमी देत नाही. हमी हवी तर `std::stable_sort` वेगळा मागावा लागतो.

अनेकदा सॉर्ट करायच्या जुन्या युक्तीचा आधारही हाच. आधी गुणांवर सॉर्ट, मग तालुक्यावर, म्हणजे कमी महत्त्वाचा निकष आधी. स्थिर सॉर्टमध्ये हे बरोबर उत्तर देतं. वापरणारा तक्त्याच्या मथळ्यांवर एकामागून एक क्लिक करतो तेव्हा हेच घडत असतं. पण निकष आधीच ठाऊक असतील तर मी एकच कंपॅरेटर लिहायला सांगतो. वाचणाऱ्याला तो ओळींच्या क्रमातच कळतो.

आता या पद्धतीत खरोखर बिघडतं ते कुठे. एखादं पथक आलंच नाही आणि त्याच्या नोंदीत `gun` लिहिलाच गेला नाही, किंवा गुणांच्या रकान्यात कुणी «गैरहजर» लिहिलं. वजाबाकीचं उत्तर मग `NaN`, म्हणजे «आकडाच नाही», असं येतं. `||`ला तेही शून्यासारखंच «नाही» वाटतं, आणि पुढं निकष नसेल तर सॉर्टही त्याला शून्यच मानतो. म्हणजे गैरहजर पथक सगळ्यांशी बरोबरीत! फोंड्याच्या तीन नोंदी या क्रमाने घ्या: शिरोडा ७८, कवळे गैरहजर, बोरी ८४. टिमसॉर्ट कवळे आणि शिरोडा पाहतो: सारखे. बोरी आणि कवळे पाहतो: सारखे. म्हणजे यादी आधीच लागलेली आहे, काम संपलं. शिरोडा आणि बोरी समोरासमोर आलेच नाहीत, आणि ७८ गुण ८४च्या वर राहिले. पडद्यावर चूक म्हणून काहीच दिसत नाही.

निकाल लागल्यावर शेजारच्या जोड्या तपासूनही हे सापडत नाही, कारण शेजारच्या जोड्या सारख्याच ठरतात. तपासायचं असेल तर तीच यादी वेगवेगळ्या क्रमाने विस्कटून सॉर्ट करा. वेगवेगळ्या गुणांची पथकं दर वेळी निराळ्या क्रमात आली, तर कंपॅरेटर स्वतःशीच विसंगत आहे. उपाय सोपा आहे: रिकाम्या गुणांची जागा आपणच ठरवायची. गुण ऋण नसतात, म्हणून -१ दिला की ते पथक तालुक्याच्या तळाला जातं.

```js
const gun = r => Number.isFinite(r.gun) ? r.gun : -1;
```

आणि कंपॅरेटरमध्ये `b.gun - a.gun` ऐवजी `gun(b) - gun(a)`. यात गुण आकडा म्हणूनच साठवलेले हवेत. मजकूर म्हणून आलेले "84" इथे गैरहजर ठरतील, तेव्हा फाइल वाचतानाच त्यांचे आकडे करून घ्या.

आणखी एक. स्थिर सॉर्ट मूळ क्रम राखतो, पण तो क्रम नोंदणीचाच होता हे त्याला माहीत नसतं. डेटाबेसमधून `ORDER BY` न लिहिता यादी मागवली, तर ती कुठल्या क्रमाने येईल याची हमी नाही, आणि जो काही क्रम आला तोच सॉर्ट इमानाने जपेल. बरोबरीत कोण वर यावरून बक्षीस ठरणार असेल, तर ते स्थिरतेवर सोडू नका. नोंदणी क्रमांक `nond` या रकान्यात ठेवा आणि शेवटचा निकष म्हणून लिहून टाका.

```js
const tulna = (a, b) =>
  varna.compare(a.taluka, b.taluka) ||
  gun(b) - gun(a) ||
  a.nond - b.nond;
```

नोंदणी क्रमांक एकमेव असल्याने आता दोन नोंदी कधीच सारख्या ठरत नाहीत, आणि सॉर्ट स्थिर असो वा नसो, निकाल एकच येतो.