मध्यावर खाली येणारी रेघ

आज बराच वेळ स्कोपवर रॅम्प बघत बसले होते. तिरकी रेघ शिस्तीत वर चढते, बरोबर मध्यावर किंचित खाली येते आणि मग पुन्हा चढते. एवढंच, पण ते खाली येणं डोक्यातून जात नाही.

लॅडर म्हणजे आकड्याचं व्होल्टेज करणारं रेझिस्टरचं जाळं. माझं 8 बिटचं, R-2R, म्हणजे 10 आणि 20 किलोओहमच्या रेझिस्टरचं, संदर्भ 5 व्होल्टचा. पायरी साधारण साडेएकोणीस मिलिव्होल्टची. कोड 127 ला 2.480 आणि 128 ला 2.500 यायला हवं. मीटर दाखवतो 2.493 आणि 2.488. आकडा एकने वाढला आणि व्होल्टेज घटलं! शून्य आणि 255 ही दोन्ही टोकं मात्र बिनचूक. नुसती टोकं तपासली असती तर काहीच कळलं नसतं.

रेझिस्टर सगळे 1 टक्क्याचे. एकेकाचं एक टोक सोडवून मोजलं. सर्वांत वरच्या बिटचा 20 किलोओहमचा रेझिस्टर 20.2 निघाला. काठावर, पण हद्दीतच. बाकीचे जवळजवळ चोख. म्हणजे तक्रार करायची कुणाकडे? कुणी शब्द मोडलेला नाही आणि माझी संध्याकाळ मात्र गेली. घरी कुणाला हे सांगावं तर... जाऊ दे.

127 वरून 128 वर जाताना खालचे सातही बिट एकदम बंद होतात आणि वरचा एकटा चालू होतो. आउटपुटच्या टोकावरून पाहिलं तर एका बाजूला हा 20.2 आणि दुसऱ्या बाजूला उरलेलं अख्खं लॅडर, तेही 20 किलोओहमसारखंच वागणारं. वरच्या बिटचा वाटा 20/40.2, म्हणजे अर्ध्याहून थोडा कमी. खालच्यांचा 20.2/40.2, अर्ध्याहून तेवढाच जास्त. त्याचं गेलेलं यांना मिळालं. म्हणूनच बेरीज जमते, टोकं ठीक दिसतात आणि सगळा फरक मध्यावर उघडा पडतो.

तरी पुन्हा तेच टोचतं, की सगळे हद्दीत असून रेघ उलटी जाते. हिशेब केला तर एकटा तो रेझिस्टर 0.79 टक्क्यांनी जास्त असला तरी पायरी सपाट होते. त्यापुढे ती खालीच येणार. 1 टक्क्याने हे वचन दिलंच नव्हतं. ते मी मनाशी धरलं होतं.

दादाला फोन केला. म्हणाला, "अगं, किंमत कशाला बघतेस, जोडी बघ." खरंय. सगळेच 1 टक्क्याने जास्त असते तर काही बिघडलं नसतं, कारण इथे चालतं ते गुणोत्तर. एकाच रिळातले 10 किलोओहमचे घ्यायचे, 2R साठी दोन सिरीजमध्ये जोडायचे आणि मीटरवर मोजून सर्वांत जुळणारे वरच्या बिटना द्यायचे. तळाच्या बिटला 1 टक्का चुकला तरी आउटपुटवर मिलिव्होल्टभरही फरक पडत नाही.

आता निवडायला बसते. 8 बिट यातून निघतील. 10 बिटला वरच्या रेझिस्टरला 0.2 टक्क्यांचीही सवड नाही, त्यामुळे तो विचार या पिशवीपुरता सोडला.