दीडशे म्हणजे एकशे पन्नास नव्हे

सिन्नर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीत आमच्या ॲपची चाचणी होती. महिन्याची बचत सभासदानेच नोंदवायची, एवढंच काम. अक्षरं वाचावी लागू नयेत म्हणून रक्कम टाकायला नोटांची चित्रं ठेवली होती: निळी पन्नासची, जांभळट शंभरची, करडी पाचशेची. नोटेवर बोट टेकलं की रक्कम वाढते आणि आवाज एकूण बेरीज सांगतो.

पहिल्या ताईंनी पन्नासच्या नोटेला तीनदा हात लावला. आवाज आला, "एकशे... पन्नास... रुपये." त्या थांबल्या. "दीडशे टाकायचे होते," म्हणाल्या आणि पन्नासवर पुन्हा बोट ठेवलं. झाले दोनशे.

चूक आमची होती. 'एकशे' आणि 'पन्नास' यांची ध्वनिमुद्रणं वेगळी होती, प्रत्येकाच्या टोकाला थोडी शांतता राहिली होती. त्यामुळे एका रकमेच्या दोन रकमा ऐकू आल्या. शिवाय गटात कुणी एकशे पन्नास म्हणतच नाही. सव्वाशे, दीडशे, अडीचशे, साडेतीनशे असंच बोलतात. मराठीत तुकडे जोडून भागत नाही. एकोणपन्नास, त्रेसष्ट यांचे भाग पाडता येत नाहीत, म्हणून नव्व्याण्णवपर्यंतचा प्रत्येक आकडा स्वतंत्र बोलून घ्यावा लागतो. नेमके शंभर असतील तर 'शंभर', पुढे काही असेल तर 'एकशे'. दीडशे, अडीचशे हे आम्ही नंतर गटातल्याच एका बाईंच्या आवाजात सलग घेतले.

खरी पंचाईत ती जादा नोट काढताना झाली. नोट दाबून धरली की रक्कम वजा होते, असं आम्ही ठेवलं होतं. आमच्या हाताला ते सोपं वाटलं. पण स्मार्टफोन नवा असला की माणूस बोट ठेवतो आणि काही घडेपर्यंत उचलत नाही. अर्ध्या सेकंदात फोन त्याला 'दाबून धरलं' समजतो. दुसऱ्या ताई शंभर वाढवायला गेल्या की शंभर कमी व्हायचे, म्हणून त्या आणखी जोराने दाबायच्या. कार्यालयात या बटणावर तीन बैठका झाल्या होत्या. गावात एक बैठक आधी घेतली असती तर बरं झालं असतं.

आता ठेवलेल्या नोटा वर एका ताटात दिसतात. ताटातल्या नोटेला हात लावला की ती परत खाली येते. दाबून धरण्याला काही अर्थच नाही. 'नक्की का?' हा प्रश्न काढून टाकला, कारण तिथे बायका मोठं बटण बघून दाबतात. त्याऐवजी नोंद झाल्यावर ताट तसंच समोर राहतं आणि बैठक संपेपर्यंत दुरुस्त करता येतं. चुकून मागे गेलं तरी ताट जसंच्या तसं सापडतं.

बचत सगळ्यांसमोर मोठ्याने ऐकू आलेली गटाला चालते, मोजणी तशीच होते. थकलेल्या कर्जाचं तसं नाही. तो आकडा आवाजाने सांगितला तेव्हा एका ताईंनी घाईने फोन कानाला लावला, जुन्या बटणाच्या फोनसारखा. तेवढी रक्कम आता फोन कानाशी नेल्यावरच, कानाजवळच्या बारीक स्पीकरमधून ऐकवतो. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी काय करायचं, ते अजून सुटलेलं नाही.